क्रिएटिनिन 1.4 असलेल्या आजींचा डोस: अँटिबायोटिक किती, मेटफॉर्मिन कधी

प्रश्न: मी एमबीबीएस होऊन तालुक्याच्या एका रुग्णालयात रुजू झालोय. 72 वर्षांच्या एक आजी दाखल आहेत. वजन 45 किलो, उंची 148 सेंमी, 15 वर्षांपासून डायबिटीस. दोन दिवस थंडी-ताप, कमरेत दुखणं, लघवीला जळजळ, उलट्या. क्रिएटिनिन 1.4 आहे, रिपोर्टवर ईजीएफआर 40 छापलंय. चार महिन्यांपूर्वी क्रिएटिनिन 1.3 होतं. मेटफॉर्मिन 1 ग्रॅम दिवसातून दोनदा (ग्लिमेपिराइडसोबत एकाच गोळीत) आणि बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू आहे. सीनियर म्हणाले, "किडनी वीक आहे, अँटिबायोटिक अर्धं कर आणि मेटफॉर्मिन कायमचं बंद." मला नीट कळत नाहीये की हा डोस नेमका ठरवतात कसा. सविस्तर सांगाल का?

उत्तर:

चार महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट तुम्ही शोधलात, त्यामुळे अर्धं काम झालंय. 1.3 वरून 1.4 म्हणजे या आजींची किडनी आधीपासूनच कमी काम करते आहे आणि आज त्यात फार मोठी घसरण झालेली दिसत नाही. म्हणून सूत्रात आकडा घालून जे उत्तर येईल त्यावर बऱ्यापैकी विसंबता येईल. हेच जुनं क्रिएटिनिन 0.8 असतं, तर मी पुढचं सगळं वेगळं लिहिलं असतं. त्याबद्दल खाली सांगते.

आधी 1.4 या आकड्याकडे पाहू. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. 45 किलोच्या, वय झालेल्या बाईच्या अंगात स्नायूच कमी, त्यामुळे तयार होणारं क्रिएटिनिनही कमी. किडनी निम्म्याहून जास्त थकलेली असली तरी रक्तात ते फारसं साठत नाही. ऐंशी किलोच्या तरुण शेतकऱ्याचं 1.4 आणि आजींचं 1.4 यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. डोस ठरवताना बहुतेक अँटिबायोटिकसाठी अजूनही कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट हे 1976 सालचं सूत्र वापरलं जातं, कारण औषधांच्या माहितीपत्रकांतले डोसचे तक्ते बहुतांशी त्याच्याच आधारावर तयार झाले आहेत. आजींसाठी ते असं बसतं:

```
CrCl = (140 - वय) × वजन × 0.85 / (72 × क्रिएटिनिन)
     = (140 - 72) × 45 × 0.85 / (72 × 1.4)
     = 25.8 मिली/मिनिट
```

0.85 ने गुणायचं ते फक्त स्त्रियांसाठी.

रिपोर्टवर 40 आणि सूत्रात 26 आले, मग खरं कुठलं? लॅबचं ईजीएफआर हे 1.73 चौरस मीटर पृष्ठभागाच्या शरीरासाठी काढलेलं असतं. आजींच्या अंगाचं क्षेत्रफळ जेमतेम 1.36 आहे. 40 ला 1.36 ने गुणून 1.73 ने भागलं की 31 येतं, आणि दोन्ही सूत्रं बरीच जवळ येतात. आजाराचा टप्पा ठरवायला छापील 40 ठीक आहे. औषधाचा डोस मात्र आजींच्या खऱ्या, लहान शरीरातून बाहेर पडायचा असतो, म्हणून मी 26 ते 31 हा पट्टा धरते. एकच आकडा पक्का धरून 25.8 च्या दशांशावर वाद घालण्यात अर्थ नाही. दोन्ही सूत्रं अंदाजच आहेत.

आता सीनियरांच्या "अर्धं कर" या सल्ल्याकडे वळू. हा सल्ला मी शिकत असताना मलाही मिळाला होता. त्यात पहिल्या आणि नंतरच्या डोसांतला फरकच पुसला जातो.

रांजणाच्या तळाला एक भोक आहे आणि आत अमुक एका रेषेपर्यंत पाणी हवं आहे असं समजा. रिकामा रांजण त्या रेषेपर्यंत भरायला किती घागरी लागतील हे रांजणाच्या आकारावर ठरतं, भोकाशी त्याचा संबंध नाही. रेष टिकवायला दर तासाला किती ओतावं लागेल, हे मात्र भोक ठरवतं. किडनी म्हणजे ते भोक. आजींच्या बाबतीत ते बारीक झालंय, पण रांजण तेवढाच आहे. उलट सेप्सिसमध्ये रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं, आपण सलाईन देतो, आणि रांजण जरा मोठाच होतो. म्हणून पहिला डोस पूर्ण द्यायचा. किडनी कितीही कमी असो, व्हॅन्कोमायसिन असो, कोलिस्टिन असो की मेरोपेनेम, पहिल्या डोसला कात्री लावायची नाही. तो अर्धा केला तर जंतू मारण्याइतकी पातळी गाठायलाच एक-दोन दिवस जातात, आणि गंभीर संसर्गात सगळ्यात महत्त्वाचे तेच दिवस असतात.

दुसऱ्या डोसापासून कपात करायची, पण तीही दोन रीतींनी होते आणि कुठली रीत वापरायची हे औषध जंतूला कसं मारतं यावर ठरतं. अमिकासिन, जेंटामायसिन ही औषधं उंच शिखराने मारतात. पातळी एकदा खूप वर गेली की जंतू मरतात, आणि पुढच्या डोसापर्यंत ती जवळजवळ शून्यावर आली तरच कान आणि किडनी वाचतात. त्यांचा डोस तेवढाच ठेवून अंतर वाढवायचं. आजींना अमिकासिन द्यायचं ठरलं तर 15 मिलिग्रॅम प्रति किलोप्रमाणे साधारण 675 मिलिग्रॅमचा एकच डोस, आणि पुढचा निदान 48 तासांनी, तोही रक्तातली पातळी बघून. आपल्याकडे नेमकं उलट होताना मी पाहिलंय. 250 मिलिग्रॅम सकाळी, 250 संध्याकाळी, "किडनी आहे म्हणून कमी दिलंय." यात शिखर गाठलं जात नाही आणि पातळी खालीही उतरत नाही, म्हणजे संसर्ग राहतो आणि किडनी मात्र जाते. तालुक्याच्या ठिकाणी पातळी मोजायची सोय नसेल, तर या आजींना एका डोसापलीकडे अमिकासिन न देणं मला योग्य वाटतं.

पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन, कार्बापेनेम यांचं गणित निराळं आहे. त्यांची पातळी किती उंच गेली यापेक्षा ती ठरावीक रेषेच्या वर किती वेळ टिकली हे महत्त्वाचं. किडनी मंद असली की ती आपोआपच जास्त वेळ टिकते, म्हणून नंतरचे डोस लहान किंवा थोडे विरळ केले तरी चालतं. या गटात सुरक्षिततेची जागाही बरीच मोकळी आहे. म्हणूनच रुग्ण गंभीर असेल आणि किडनीचं नक्की काय चाललंय हे कळत नसेल, तर पहिले 24 ते 48 तास मी यांचा पूर्ण डोसच देते. त्या मुदतीत लघवी किती होते आणि क्रिएटिनिन कुठे जातं हे बघते, आणि मग कमी करते.

हे मी एका पेशंटकडून शिकले. साठीच्या जवळ आलेले, 60 किलो वजनाचे गृहस्थ जुलाब आणि न्यूमोनिया घेऊन आले होते. क्रिएटिनिन 2.6, सूत्रातून 26. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम 4.5 ग्रॅमऐवजी तक्त्याप्रमाणे 2.25 ग्रॅम दर सहा तासांनी लिहिलं. रात्रभरात सलाईनने अंगात पाणी आलं, सकाळपर्यंत दोन लिटर लघवी झाली आणि दुसऱ्या संध्याकाळी क्रिएटिनिन 1.3 वर आलं. म्हणजे क्लिअरन्स दुप्पट झाला होता, पण केसपेपरवरचा डोस तोच राहिला. चौथ्या दिवशीही ताप उतरेना, तेव्हा आम्ही अँटिबायोटिक बदलायच्या गोष्टी करत होतो. एका सिस्टरने विचारलं, "मॅडम, हा डोस किडनीसाठीच कमी केला होता ना?" पूर्ण डोस सुरू केला आणि दोन दिवसांत ताप गेला. पाणी कमी पडल्यामुळे वाढलेलं क्रिएटिनिन अनेकदा एक-दोन दिवसांत खाली येतं. त्या पहिल्या आकड्यावरून संपूर्ण आठवड्याचा डोस लिहून ठेवायचा नाही.

उलट बाजूही पाहिली आहे आणि ती जास्त भीतीदायक असते. 68 वर्षांच्या, 48 किलो वजनाच्या एका बाईंना सेफेपीम 2 ग्रॅम दर बारा तासांनी चालू होतं. दाखल होताना क्रिएटिनिन 1.1 होतं म्हणून पूर्ण डोस. तीन दिवसांत ते 1.9 झालं, रिपोर्ट फाइलला लागला, पण डोसकडे कुणी पाहिलं नाही. पाचव्या दिवशी बाई असंबद्ध बोलू लागल्या, हातांना झटके येऊ लागले, मग गुंगीत गेल्या. पक्षाघात समजून सीटी झाला, तो नॉर्मल. त्या दिवशीचा क्लिअरन्स काढला तर 21 आला. त्या हिशेबाने दिवसाला 1 ग्रॅम पुरला असता आणि आम्ही 4 ग्रॅम देत होतो. औषध थांबवल्यावर दोन दिवसांनी त्या नातवाला नावाने हाक मारू लागल्या. म्हाताऱ्या माणसाचं डोकं अँटिबायोटिकच्या तिसऱ्या ते पाचव्या दिवशी बिघडलं, तर संसर्ग वाढलाय असं धरण्याआधी डोस आणि त्या दिवसाचं क्रिएटिनिन शेजारी-शेजारी ठेवून बघा.

क्रिएटिनिन असं चढत असतं तेव्हा सूत्र चक्क खोटं बोलतं. किडनी अचानक पूर्ण बंद पडली तरी क्रिएटिनिन दिवसाला साधारण एक ते दीडनेच वर जातं. पहिल्या दिवशी रिपोर्ट 1.5 दाखवेल, सूत्र 40 सांगेल, आणि खरा क्लिअरन्स शून्याजवळ असेल. तेव्हा लघवीच्या पिशवीवर जास्त विश्वास ठेवा. सहा तासांत वजनाच्या किलोमागे तासाला अर्धा मिली एवढीही लघवी झाली नसेल, तर क्लिअरन्स दहाच्या खाली धरून चालते मी. आजींच्या बाबतीत ती रेष सहा तासांत सुमारे 135 मिली आहे. आज सिस्टरना लघवी मोजून लिहायला सांगा.

आता आजींचा उपचार. कमरेत दुखणं आणि थंडी-ताप आहे, म्हणजे संसर्ग मूत्राशयातून किडनीपर्यंत पोहोचलाय. पहिला डोस देण्याआधी लघवीचं आणि रक्ताचं कल्चर घ्या. नायट्रोफ्युरँटॉइन इथे नको. ते रक्तात पुरेसं राहतच नाही, लघवीत उतरून काम करतं. किडनीच्या मांसात शिरलेल्या संसर्गाला ते एरवीही चालत नाही, आणि क्लिअरन्स तीसच्या खाली असेल तर ते लघवीतही पुरेसं उतरत नाही, फक्त हातापायांच्या नसांना त्रास देतं. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण इथे किडनी कमी म्हणून औषध साठून अपाय होईल एवढीच भीती नसते. औषध जिथे पोहोचायला हवं तिथे पोहोचतच नाही.

सिप्रोफ्लॉक्सासिन मी सुरुवातीला देणार नाही. आपल्याकडच्या ई. कोलायवर ते आंधळेपणाने चालेल असा भरवसा उरलेला नाही, आणि ग्लिमेपिराइड घेणाऱ्या माणसात ते साखर धाडकन खाली आणू शकतं. पुढे कल्चरने संवेदनशील दाखवलं आणि गोळीवर जायचं असेल, तर आजींसाठी 500 मिलिग्रॅम दिवसातून एकदाच. कोट्रायमॉक्सॅझोलचा डोस 15 ते 30 क्लिअरन्सला निम्मा करतात, पण टेल्मिसार्टनबरोबर ते पोटॅशियम वाढवतं, म्हणून तिथेही मी थांबेन. शिवाय ते क्रिएटिनिनला किडनीच्या नलिकेतून बाहेर पडू देत नाही, त्यामुळे किडनी बिघडलेली नसताना आकडा वर जातो आणि आपण फसतो.

आज मी सेफ्ट्रायअॅक्सोन 2 ग्रॅम दिवसातून एकदा सुरू करेन. ते किडनी आणि पित्त अशा दोन्ही वाटांनी बाहेर पडतं, त्यामुळे एकट्या किडनीसाठी त्याचा डोस कमी करावा लागत नाही. संसर्गाला लागू पडणारं आणि किडनीवर फारसं अवलंबून नसलेलं औषध हाताशी असेल, तर गणिताची गरजच उरत नाही. डॉक्सिसायक्लिन, अझिथ्रोमायसिन, लिनेझोलिड हीसुद्धा त्याच जातीची. अर्थात निवड संसर्ग बघूनच करायची. डोस सोपा पडतो म्हणून लघवीच्या संसर्गाला अझिथ्रोमायसिन लिहायचं नाही.

समजा तिसऱ्या दिवशी कल्चरमध्ये ईएसबीएल बनवणारा ई. कोलाय आला आणि ताप अजून आहे. ही गोष्ट आपल्याकडे वरचेवर घडते. तेव्हा अर्टापेनेम घ्या. नेहमीचा डोस दिवसाला 1 ग्रॅम, आणि क्लिअरन्स 30 किंवा त्याखाली असेल तर 500 मिलिग्रॅम. आजी बरोबर या रेषेवर उभ्या आहेत, एका सूत्राने 26, दुसऱ्याने 31. अशा वेळी मी पहिला डोस 1 ग्रॅम देते आणि दुसऱ्या दिवसापासून 500 मिलिग्रॅम. वजन 45 किलो, वय 72, आणि हे औषध साठलं तर मेंदूवर येतं. भास होणं, चादर चिवडत बसणं, झटके. एकदा हे सुरू झालं तर औषध थांबवूनही निवळायला काही दिवस लागतात. त्याच दिवशी क्रिएटिनिन 1.0 वर आलेलं असेल, तर सूत्र 36 सांगेल आणि मी 1 ग्रॅमच चालू ठेवेन. म्हणजे डोस लिहिण्याआधी त्या सकाळचा रिपोर्ट हवाच. अर्टापेनेम साध्या सलाईनमध्येच मिसळायचं, डेक्स्ट्रोजच्या बाटलीत नाही, हे सिस्टरना सांगून ठेवा.

दुखण्यासाठी डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन कुणी देऊ नये याकडे लक्ष ठेवा. उलट्यांनी अंगातलं पाणी गेलेलं, टेल्मिसार्टन चालू, त्यात डायक्लोफेनॅक, म्हणजे उद्या क्रिएटिनिन 2.5. पॅरासिटामॉल पुरे. टेल्मिसार्टनही उलट्या थांबून बीपी सावरेपर्यंत बंद ठेवा, आणि पोटॅशियम आजच पाहा.

आता मेटफॉर्मिन. आज बंद करायचं, यात मी सीनियरांशी पूर्ण सहमत आहे. "कायमचं" या शब्दाशी नाही.

मेटफॉर्मिनचं शरीरात काहीच मोडत नाही. ते जसंच्या तसं लघवीतून जातं, आणि नुसतं गाळून नाही, तर किडनीच्या नलिका ते ओढून बाहेर टाकतात. एरवी हे काम इतकं झपाट्याने होतं की औषध साठत नाही. मेटफॉर्मिन यकृताला लॅक्टेटपासून साखर बनवू देत नाही, तेच त्याचं काम. पण ते खूप साठलं आणि त्याच वेळी सेप्सिस, कमी बीपी किंवा पाणी कमी पडल्यामुळे शरीर जास्त लॅक्टेट तयार करत असेल, तर ते उचलायला कुणी उरत नाही आणि रक्त आम्लधर्मी होतं. म्हणजे दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात. नुसत्या 40 च्या ईजीएफआरने घरी नीट खाणाऱ्या-पिणाऱ्या माणसाला हा अपघात सहसा होत नाही. आजींना आज मात्र दोन्ही आहेत, म्हणून आज बंद.

दुसरं म्हणजे, त्या घेत होत्या तो दिवसाला 2 ग्रॅमचा डोस चार महिन्यांपूर्वीच जास्त होता. क्रिएटिनिन 1.3 ला त्यांचं छापील ईजीएफआर साधारण 44 येतं. मेटफॉर्मिनच्या मर्यादा ईजीएफआरवर आखलेल्या आहेत, कॉकक्रॉफ्ट-गॉल्टवर नाहीत, म्हणून इथे रिपोर्टवरचाच आकडा घ्या. 45 च्या वर असेल तर साधारण नेहमीचा डोस चालतो. 30 ते 44 मध्ये नव्याने सुरू करू नये, आधीपासून चालू असेल तर फायदा-तोटा तोलून दिवसाला 1 ग्रॅमच्या वर जाऊ नये. 30 च्या खाली बंद. पूर्वी स्त्रियांमध्ये क्रिएटिनिन 1.4 झालं की मेटफॉर्मिन बंद अशी सरळ रेष होती. अमेरिकेच्या एफडीएने 2016 साली ती काढून ईजीएफआरचे टप्पे आणले. तुमचे सीनियर बहुधा त्या जुन्या रेषेवर शिकलेले आहेत.

बंद करताना एक खास काळजी घ्या. आजींच्या गोळीत ग्लिमेपिराइडही आहे. अशा जोडगोळ्यांच्या नावाशेवटी बहुधा "एम" असतो आणि घरच्यांना ती "साखरेची गोळी" एवढंच माहीत असतं. नातेवाइकांची पिशवी उघडून प्रत्येक पट्टी स्वतः वाचा. कधी एका पिशवीत दोन वेगवेगळ्या नावांची मेटफॉर्मिनची पाकिटं निघतात. दोन दिवस उलट्या होत असताना ग्लिमेपिराइडही धोक्याचं आहे. आजी जेवत नाहीत, आणि इन्शुलिन शरीरातून काढायचं बरंचसं काम किडनीच करते, त्यामुळे ती मंदावली की साखर खाली जाऊन तिथेच राहते. त्यांना आज घाम फुटला, गुंगी आली, तर आधी ग्लुकोमीटर. साखर कमी निघून ग्लुकोजने वर आली तरी निश्चिंत राहू नका. ग्लिमेपिराइडचा असर दिवसभराहून जास्त टिकू शकतो, म्हणून किमान 24 तास दर दोन-चार तासांनी साखर पाहा. दवाखान्यात असेपर्यंत साखर इन्शुलिनवर सांभाळा, पण नेहमीच्या हिशेबापेक्षा कमी डोसने सुरू करा.

आम्ल वाढलंय की नाही ते कसं ओळखायचं? आजी खोल आणि जोरात श्वास घेत असतील, छाती मात्र स्वच्छ असेल, उलट्या आणि पोटदुखी वाढत असेल, बायकार्बोनेट 18 च्या खाली असेल, तर लॅक्टेट आणि धमनीतल्या रक्ताचा पीएच तपासायला हवा. साखर नॉर्मल असली म्हणून सुटलो असं नाही, यात साखर नॉर्मल असू शकते. पीएच 7.35 च्या खाली आणि लॅक्टेट 5 च्या वर असेल तर डायलिसिसची सोय असलेल्या ठिकाणी लगेच हलवा, वाट बघत बसू नका. डायलिसिसने मेटफॉर्मिन आणि आम्ल दोन्ही निघतात.

हे काही न होता आजी बऱ्या होतील अशीच दाट शक्यता आहे. मग पुन्हा सुरू कधी? दोन वेळा नीट जेवण पचलं, ताप नाही, उलट्या नाहीत, आणि 48 तासांच्या अंतराने केलेली दोन क्रिएटिनिन 1.3 च्या आसपास स्थिर आहेत, तेव्हा. जोडगोळी परत देऊ नका. साधी मेटफॉर्मिन 500 मिलिग्रॅम, जेवणासोबत दिवसातून दोनदा. तेवढ्याने साखर आवरत नसेल तर लिनाग्लिप्टिन 5 मिलिग्रॅम जोडा. ते पित्तातून जातं, किडनीसाठी त्याचा डोस बदलावा लागत नाही. ग्लिमेपिराइड द्यायचंच असेल तर 1 मिलिग्रॅमपासून. इतकी वर्षं मेटफॉर्मिन घेतलंय तर एकदा बी-12 तपासून घ्या. पायांची आग होत असली की सगळे डायबिटीसलाच दोष देतात.

कायमचं बंद का नको, तेही सांगते. या वयात मेटफॉर्मिन काढलं की त्याच्या जागी बहुतेक वेळा ग्लिमेपिराइडचा डोस वाढवला जातो. मग आजी एखाद्या पहाटे साखर उतरून न्हाणीघरात पडतात आणि खुबा मोडतो. माझ्याकडे असे पेशंट मेटफॉर्मिनच्या लॅक्टिक अॅसिडोसिसपेक्षा कितीतरी जास्त आले आहेत.

सीनियरांशी बोलताना "तुमचं चुकतंय" असं म्हणायची गरज नाही. केसपेपरवर आजचं क्रिएटिनिन, त्यातून काढलेला क्लिअरन्स, पहिला डोस, पुढचा डोस आणि पुन्हा बघायची तारीख, एवढं एका ओळीत लिहा आणि राउंडला दाखवा. रोज सकाळी ती ओळ नव्याने लिहायची. आजी घरी जाताना कार्डावर सुनेला वाचता येईल अशा अक्षरात लिहा: "उलट्या, जुलाब किंवा जेवण बंद असेल त्या दिवशी मेटफॉर्मिन आणि टेल्मिसार्टन घेऊ नका, नीट जेवू लागल्यावर पुन्हा सुरू करा. दोन दिवसांत बरं वाटलं नाही तर दवाखान्यात या." आणि आठवड्याने क्रिएटिनिन व पोटॅशियमसाठी बोलवा, कारण टेल्मिसार्टन तोवर परत सुरू झालेलं असेल.